थोडा वेळ लागेल

अनुजा तळपदे यांच्या टेबलावर आठवड्याला पंधरा-वीस तक्रारी येत. कँटीनचा चहा गार, लिफ्टमन उर्मट, बिलात हातमोजे दोनदा लावले, पंखा फिरत नाही. परळच्या त्या विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात त्या रुग्ण-संपर्क अधिकारी होत्या. तक्रार आली की नोंद करायची, संबंधित विभागाकडून अहवाल मागवायचा, उत्तराचा मसुदा करायचा आणि अधीक्षकांच्या सहीने पाठवायचा, हे त्यांचं काम. बारा वर्षांत त्यांचा हात त्यावर इतका बसला होता की ओपीडीत वेळ लागल्याची तक्रार आली की बोटं आपोआप टाइप करत: आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, रुग्णांची संख्या पाहता आपण सहकार्य कराल अशी अपेक्षा आहे.

लवू घाडी यांचं पत्र आलं तेव्हाही बोटं तेच लिहायला निघाली होती. पत्र फुलस्केपवर होतं, निळ्या शाईत, समास सोडून, अक्षर गिरवून. 

"मा. अधीक्षक साहेब, स. न. वि. वि. मी भोईवाड्यात राहणारा, वय वर्षे शहात्तर. माझी पत्नी गंगुबाई हिला विसरायला होते, म्हणून आमच्या डॉक्टरांनी आपल्याकडे मेंदूच्या ओपीडीत पाठवले. गुरुवारी सकाळी आठला आम्ही आलो. नंबर चौसष्ट मिळाला. दुपारी दोनदा खिडकीवर विचारले, थोडा वेळ लागेल असे सांगितले. म्हणून आम्ही जेवायलाही गेलो नाही. शेवटी झाडू मारणाऱ्या बाईंनी सांगितले की ओपीडी कधीच संपली, घरी जा. डॉक्टर बिझी असतात हे मला कळते. मी भांडायला लिहीत नाही. परंतु साहेब, माझी पत्नी त्या दिवसापासून उठलेली नाही. ती रोज सकाळी साडी नेसते, फाइलची पिशवी मांडीवर घेते आणि दाराजवळच्या खुर्चीत बसते. उठ म्हटले तर म्हणते, नंबर जाईल. आपल्या ओपीडीत ती अजून बसली आहे. तिला तिथून कसे उठवायचे ते कृपया कळवावे."

खाली सही, पत्ता आणि मोबाइल नंबर.

अनुजाताईंनी पत्र खाली ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटची दोन वाक्यं त्यांनी परत वाचली. मग कीबोर्ड बाजूला सारला आणि संगणकावर त्या गुरुवारची ओपीडी उघडली. घाडी गंगुबाई, नवीन रुग्ण, टोकन चौसष्ट. त्यापुढे डॉक्टरांना भेटल्याची वेळ असते, तिथे एकच शब्द होता: गैरहजर.

*

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत दोन वरिष्ठ डॉक्टर बसत. त्या गुरुवारी एक रजेवर होते. दुसरे डॉ. अभिषेक कीर्तिकर, चाळिशीचे, शांत, थोडे पोक काढून चालणारे. अनुजाताईंनी त्यांना गाठलं तेव्हा ते वॉर्डातून येत होते.

"गुरुवार? आठवतोय की," ते म्हणाले. "अकरालाच कॅज्युअल्टीतून फोन आला. पक्षाघात. माणूस तरुण, बोलणं पूर्ण गेलेलं, उजवी बाजू लुळी. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठरलेल्या तासांच्या आतच द्यावं लागतं, ताई. ते दिलं, पण गुठळी मोठी होती, म्हणून कॅथलॅबमध्ये घेऊन काढावी लागली. मी वर आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते."

"आणि ओपीडी?"

"जुने पेशंट रेसिडेंटनी तपासले. नवीन माझ्यासाठी थांबवले होते. त्यात मेमरीचा पेशंट म्हणजे अर्धा तास हवाच. नातेवाइकांशी बोलायचं, चाचणी घ्यायची. मी आलो तसा एकेक बोलवत गेलो. चौसष्ट नंबर पुकारला, कोणी आलं नाही. दोनदा पुकारला. तो माणूस आता बोलतोय बरं का. काल त्यानं बायकोला नावानं हाक मारली."

"चांगलं झालं," अनुजाताई म्हणाल्या, आणि ते त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणूनच पुढचा प्रश्न विचारणं जड गेलं. "डॉक्टर, नंबर पुकारला तेव्हा ते दोघं इथंच होते."

डॉ. कीर्तिकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "इथं म्हणजे कुठं?"

ते अनुजाताईंनाही ठाऊक नव्हतं. त्या ओपीडीच्या दारावर बसणाऱ्या बाबुराव या रखवालदाराकडे गेल्या. बाबुराव घाबरला. मग आठवून आठवून सांगू लागला. दुपारी बाकांच्या मधून स्ट्रेचर जाईना एवढी गर्दी झाली होती. वरून सांगितलं, वाट मोकळी करा. त्यानं म्हाताऱ्या माणसांना मागच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं. तिथं पंखा होता, भिंतीला टेकायला मिळत होतं.

"त्यांच्या चांगल्यासाठीच केलं, मॅडम."

"तिथे पुकारलेलं ऐकू येतं का?"



अनुजाताई स्वतः मागच्या हॉलमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. नवीन इमारतीला जोडलेला तो लांबट हॉल, पूर्वी तिथं एक्सरे विभाग होता. खिडक्या उंचावर, भिंती जाड. त्यांनी नर्सला एक नंबर पुकारायला सांगून ठेवलं होतं. हॉलमध्ये पंख्याचा घरघर आवाज तेवढा होता. बाकावर चार माणसं बसली होती, मांडीवर फायली, नजर दाराकडे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. अनुजाताई थांबून राहिल्या. बऱ्याच वेळानं नर्सच दारात आली.

"मॅडम, तीनदा पुकारलं मी. ऐकलं ना?"

बाकावरची चारही माणसं एकदम उठून उभी राहिली. "कुठला? कुठला नंबर पुकारला?"

*

संध्याकाळी त्यांनी पत्रावरचा मोबाइल नंबर लावला. लवू घाडी फोनवर हळू बोलत होते, जवळ कुणी झोपलेलं असावं तसे.

"हो मॅडम, पत्र मीच लिहिलं. छापखान्यात होतो ना मी, गिरणी बंद झाल्यावर. अक्षर बरं आहे."

"मिसेस घाडी आता कशा आहेत?"

ते काही बोलायच्या आतच मागून एक आवाज आला. बारीक, पण स्पष्ट, बाकावरून उठत उठत विचारावा तसा.

"नंबर इलो काय, ओ?"

"नाय गो," लवू म्हणाले. "बस." मग पुन्हा फोनमध्ये, "ऐकलंत ना. दिवसभर असंच."

अनुजाताई गिरगावात राहत. घरी आल्यावर त्यांनी कुकर लावला. त्यांची मुलगी श्रेया कॉलेजातून आली होती. तिनं आतून विचारलं, "आई, जेवायला कधी गं?"

"थोडा वेळ ला—"

हातातली पळी तशीच राहिली.

"काय झालं?" श्रेया बाहेर आली.

"काही नाही. वीस मिनिटं."

पण जेवताना, भांडी आवरताना, उद्याचे कपडे काढताना तो बारीक आवाज त्यांच्या मागोमाग फिरत राहिला. नंबर इलो काय. त्यांनी टीव्ही लावला, मग बंद केला.

*

दुसऱ्या दिवशी मसुदा घेऊन त्या अधीक्षकांकडे गेल्या. डॉ. हर्षवर्धन धुरंधर शल्यविशारद होते, आता सगळा दिवस मिटिंगमध्ये जाई. त्यांनी चष्मा वर करून मसुदा वाचला आणि पेन उघडलं.

"हे 'आम्ही आपली माफी मागतो' काय आहे? दिलगिरी लिहा. माफी म्हटलं की उद्या वकील तेच पान दाखवतो. आणि मूळ मुद्दा तर तुम्ही लिहिलाच नाही. पेशंट पुकारलं तेव्हा हजर नव्हता. रेकॉर्डवर आहे."

"सर, रेकॉर्डवर आहे. पण आपणच त्यांना मागच्या हॉलमध्ये बसवलं. तिथे आवाज पोहोचत नाही. मी उभी राहून बघितलंय."

"आणि डॉक्टर एक जीव वाचवत होता, ते?"

"तेही लिहिलंय. नाव-गाव न देता. तो दुसरा पेशंट आहे, त्याची माहिती यांना देता येत नाही."

धुरंधर खुर्चीत मागे टेकले. "मग चूक कोणाची? सांगा ना. डॉक्टरची नाही, नर्सची नाही, तो बिचारा बाबुराव, त्याची तर मुळीच नाही."

"तेच मला झोपू देत नाही, सर. कोणाचीच नाही, आणि ती बाई बसून आहे."

अधीक्षकांनी मसुदा परत त्यांच्याकडे सरकवला. "आधी घरी जाऊन बघून या. फोनवर माणसं वाढवून सांगतात. मग ठरवू."

*

भोईवाड्यातली ती चाळ कोर्टाच्या मागच्या बाजूला होती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कुणाच्या तरी कुंड्या, कुणाची सायकल, वाळत घातलेले कपडे. लवू घाडी गॅलरीतच उभे होते. सडपातळ, इस्त्रीचा सदरा, दाढी नुकतीच केलेली.

"या मॅडम. चप्पल राहू द्या. ती आतच आहे," ते म्हणाले. दुसरीकडे कुठे असणार, असं काहीसं त्यांच्या तोंडावर आलं आणि गेलं.

दाराच्या आत, उंबऱ्याला लागून प्लॅस्टिकची खुर्ची होती. गंगुबाई तिच्यात ताठ बसल्या होत्या. बाहेर जायची हिरवी साडी, केसांत फूल, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. रुग्णालयानं दिलेला तो टोकनचा कागद त्यांच्या मुठीत होता. घामानं तो कापडासारखा मऊ झाला होता.

अनुजाताईंच्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी पाहिलं आणि चेहरा उजळला.

"बाय, किती झालो नंबर?"

अनुजाताईंनी या भेटीची तयारी केली होती. मी रुग्णालयातून आले आहे, आमची चूक झाली, असं त्या म्हणणार होत्या. पण त्या डोळ्यांत इतकं सोशिक वाट पाहणं होतं, की बारा वर्षांची सवय आधी बोलली.

"थोडा वेळ लागेल, आजी."

"बरा," गंगुबाई म्हणाल्या. समाधानानं. आणि पिशवी सारखी करून पुन्हा ताठ बसल्या.

आपणच आपल्या तोंडानं हिला पुन्हा त्या बाकावर बसवलं, असं अनुजाताईंना वाटलं. त्या लवूंकडे बघू शकेनात.

लवूंनी चहा टाकला. खोलीत बसायला एकच पलंग होता. ते म्हणाले, "सुरुवातीला मी सांगायचो, अगं, हे घर आहे. मग रडायची. म्हणायची, तुम्ही मला फसवून परत न्यायला बघताय. आता मीपण म्हणतो, येतोय नंबर. जेवण तिथंच भरवतो. संध्याकाळी म्हणतो, आज ओपीडी बंद झाली, उद्या लवकर येऊ. तेव्हा उठते. सकाळी परत."

"तुम्हाला राग नाही येत आमचा?"

लवूंनी गाळणं ओट्यावर आपटून चहाची पूड काढली. "आला होता. तिला घेऊन जिना चढलो ना त्या दिवशी, तेव्हा आला होता. उपाशी होती, मधुमेह आहे. पण ती मला म्हणाली, अहो, डॉक्टर माणूस, त्याला कामं असतात. मग मी कोणावर रागावू?"

दारातून आवाज आला. "अहो, वायच बगा. कोणाक तरी बोलवल्यानी."

बोलवलं कुणीच नव्हतं. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता.

*

अनुजाताईंनी दुसरा मसुदा कार्यालयात बसून लिहिला, पहिला फाडून. त्याला चार तास लागले; तेवढ्या वेळात त्यांनी फोन उचलले नाहीत. जे लिहिलं ते असं होतं:

"श्री. लवू घाडी यांस,

आपले पत्र मिळाले. श्रीमती गंगुबाई घाडी यांना गुरुवारी दिवसभर थांबावे लागले आणि तपासणी न होताच परत जावे लागले, याबद्दल आम्ही आपणां दोघांची माफी मागतो.

काय घडले ते आम्ही तपासले. त्या दिवशी ओपीडीतील दोनपैकी एक डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्यांना एका अत्यवस्थ रुग्णासाठी तातडीने जावे लागले आणि ते दुपारी परतले. असे प्रसंग पुढेही येतील. ते आम्हाला टाळता येणार नाहीत. परंतु डॉक्टर कुठे आहेत आणि किती उशीर होईल हे आपल्याला सांगता आले असते. ते कोणीही सांगितले नाही. आपणांस मागच्या हॉलमध्ये आम्ही बसवले. तिथे पुकारलेला नंबर ऐकू येत नाही. आपला नंबर पुकारला गेला, आपल्याला ऐकू आला नाही, आणि आमच्या नोंदीत आपण गैरहजर ठरलात. आपण हजर होतात. ही नोंद आम्ही दुरुस्त केली आहे.

मागच्या हॉलमध्ये ध्वनिक्षेपक बसवण्यात येत आहे. उशीर होणार असल्यास दर अर्ध्या तासाने तसे सांगितले जाईल, आणि ओपीडी बंद करण्यापूर्वी परिचारिका प्रत्येक हॉलमध्ये स्वतः जाऊन पाहतील.

येत्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता डॉ. कीर्तिकर श्रीमती घाडी यांना पाहतील. सौ. तळपदे आपल्यासोबत राहतील. या उत्तराने आपले समाधान न झाल्यास आपण विश्वस्त मंडळाकडे दाद मागू शकता. पत्ता खाली दिला आहे.

त्यांना तिथून कसे उठवावे, असे आपण विचारले आहे. ते आम्हाला माहीत नाही. डॉक्टरांना विचारू."

धुरंधरांनी पत्र दोनदा वाचलं. पेन हातात होतं, पण त्यांनी काही खोडलं नाही. "शेवटचा परिच्छेद," ते म्हणाले, "असं कोणी लिहितं का ऑफिसच्या पत्रात?"

"नाही लिहीत, सर."

"गेलात ना तिकडे?"

"गेले."

धुरंधरांनी सही केली, आणि सहीखाली हुद्दा छापलेला होता तिथं पेननं आपलं पूर्ण नाव लिहिलं.

*

गुरुवारी ती दोघं नऊच्या आधीच आली. अनुजाताईंनी टोकन काढून ठेवलं होतं, पहिलंच. नर्सनं दार उघडून पुकारलं, "नंबर एक! घाडी गंगुबाई!"

गंगुबाई हलल्या नाहीत.

"चल गो, बोलावतात," लवू म्हणाले.

"ता आमचा न्हय." त्यांनी मूठ उघडली. "आमचो चवसट. दुसऱ्याच्या नंबरार जाऊचा नाय. लोक सकाळपासून बसलेत."

लवूंनी समजावलं, नर्सनं समजावलं, अनुजाताईंनी नवीन टोकन त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी शेजारच्या बाईला देऊन टाकलं. लवूंनी दंडाला धरून उठवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्या इतक्या घाबरून ओरडल्या की सगळी ओपीडी वळून बघायला लागली. डॉ. कीर्तिकर दारात आले. त्यांनी सगळं पाहिलं, हातानं खूण केली, राहू द्या.

"आज किती टोकन आहेत?" त्यांनी नर्सला विचारलं.

"सत्तरच्या वर जातील, सर."

"मग चौसष्टपर्यंत थांबू," ते म्हणाले. "तिच्या मनात ती रांगेत आहे. रांग पूर्ण झाली तरच उठेल."

म्हणून अनुजाताईही थांबल्या. त्यांनी लवूंना खायला पाठवलं, गंगुबाईंना बिस्किटं आणि केळं आणून दिलं, आणि स्वतः त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या. बारा वर्षांत त्या या बाकावर कधी बसल्या नव्हत्या. पहिला तास त्या मोबाइलवर मेल बघत होत्या. मग मोबाइल पर्समध्ये गेला. प्रत्येक वेळी दार किलकिलं झालं की पन्नास माना वर होत आणि पुन्हा खाली जात. त्यांच्या लक्षात आलं, आपलीही होतेय. कोणी आत गेलं की बाहेर उरलेल्यांना किंचित राग येई आणि लगेच त्या रागाची लाज वाटे. उठावंसं वाटे, पण उठलो आणि नेमकं पुकारलं तर? त्यांना बाथरूमला जायचं होतं. त्या गेल्या नाहीत.

एका बाईनं त्यांचं ओळखपत्र पाहून विचारलं, "मॅडम, किती वेळ लागेल हो?" अनुजाताईंनी उठून आत जाऊन विचारलं आणि परत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आत एक मोठी केस आहे, पाऊण तास कोणी पुकारलं जाणार नाही, चहा घ्यायचा तर घेऊन या. निम्मी ओपीडी सुटका झाल्यासारखी उठली. गंगुबाई तेवढ्या बसून राहिल्या.

"तू जा हवा तर," त्या अनुजाताईंना म्हणाल्या. "मी तुजी जागा धरतंय."

दुपार कलली तेव्हा नवीन ध्वनिक्षेपकातून नंबर आला. चौसष्ट. खरं तर चौसष्ट नंबरवर दुसराच रुग्ण होता. नर्सनं त्याला विचारून ठेवलं होतं आणि तो हो म्हणाला होता. गंगुबाईंनी मुठीतला कागद उलगडला, डोळ्यांजवळ नेला, आणि उठल्या. कुणी हात धरायची गरज पडली नाही. त्या सरळ चालत दारातून आत गेल्या.

डॉ. कीर्तिकरांनी त्यांना पाऊण तास दिला. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, लवूंना बारीकसारीक विचारलं. रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, डोक्याचा एमआरआय लिहिला, आधीच्या औषधांतली दोन वगळली. आणि मग लवूंना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं: हे स्मृतिभ्रंशाचंच दिसतं, रिपोर्ट आल्यावर नक्की कळेल, औषधानं वेग कमी होईल कदाचित, मागे फिरणार नाही. लवू मान हलवत राहिले.

बाहेर येताना गंगुबाईंनी टोकनचा कागद कचऱ्याच्या डब्यात टाकला. अनुजाताई बाकावरच होत्या. त्यांच्यासमोर थांबून गंगुबाईंनी त्यांच्या गालाला हात लावला.

"तुजो नंबर लागाक नाय अजून? लागतलो हां, बाय."

*

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची रिकामी राहिली. लवूंनी फोन करून सांगितलं तेव्हा अनुजाताईंना एवढं हलकं वाटलं, की त्यांनी ते डॉ. कीर्तिकरांना आणि धुरंधरांनाही सांगितलं. धुरंधर नुसतं "बरं झालं" म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी ओपीडीतून एक फेरी मारली आणि मागच्या हॉलमध्ये जाऊन उभे राहिले, असं बाबुरावनं नंतर सांगितलं.

पुढच्या महिन्यात लवू रिपोर्ट घेऊन आले. एकटेच. काम झाल्यावर अनुजाताईंच्या केबिनमध्ये डोकावले. सदरा इस्त्रीचा नव्हता.

"बसा ना. आजी कुठे?"

"घरीच, शेजारणीच्या भरवशावर. कडी लावून ठेवलीय बाहेरून." ते बसले नाहीत. "मॅडम, ही तक्रार नाही हां. नुसतं सांगतोय."

"सांगा."

"ती आता बसत नाही. दिवसभर चालते. दार उघडं दिसलं की बाहेर. परवा केईएम इस्पितळाच्या नाक्यावर सापडली, त्याच्या आधी एकदा स्टेशनच्या पुलाखाली. कुठे निघालीस विचारलं तर सांगता येत नाही तिला." त्यांनी फाइल या हातातून त्या हातात घेतली. "खुर्चीत बसायची ना, तेव्हा ती कुठे आहे ते मला ठाऊक असायचं. मी अंघोळीला जायचो, दूध आणायला जायचो. आलो की तिथंच. आता..." आणि ते हसले, अगदी कसंनुसं. "तुम्ही पत्रात लिहिलं होतं, कसं उठवायचं माहीत नाही. मीच मागे लागलो."

अनुजाताईंनी समाजसेवा विभागाला फोन लावला, दिवसाच्या पाळणाघरासारखी केंद्रं असतात त्यांची माहिती काढली, गळ्यात अडकवायचं नाव-पत्त्याचं कार्ड करून द्यायला सांगितलं. लवूंनी सगळं ऐकून घेतलं, आभार मानले आणि गेले. जवळच्या केंद्रात जागा नव्हती. नाव नोंदवून ठेवलं.

शनिवारी अर्धा दिवस होता. अनुजाताई सुटल्यावर गिरगावची बस पकडायला निघाल्या आणि भोईवाड्याकडे वळल्या. लवूंनी कडी काढली तशा गंगुबाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या. त्यांनी अनुजाताईंना ओळखलं नाही. लवू म्हणाले, जरा दुकानात जाऊन येतो, तेवढा वेळ बघाल? आणि ते जिना उतरले.

गंगुबाई त्यांच्या मागोमाग उतरल्या, रस्त्यावर आल्या, आणि उलट दिशेला चालायला लागल्या. भराभर, कुणीतरी पुढे उभं आहे आणि उशीर झालाय अशा. अनुजाताईंनी हाक मारली. त्या वळल्या नाहीत. देवळावरून, भाजीच्या गाड्यांमधून, माणसांना चुकवत हिरवी साडी पुढे जात राहिली. अनुजाताईंनी पर्स खांद्याला घट्ट धरली आणि तिच्या मागे चालू लागल्या. थोडं धावून त्यांनी गंगुबाईंना गाठलं, बरोबरीनं चालल्या. कुठे, ते त्यांनी विचारलं नाही.